क्षार, लिंबू आणि आमचे मेहुणे

बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायटीत दोन गोष्टी नेमाने वाढतात. एक मेंटेनन्स आणि दुसरा केटलच्या बुडाचा पांढरा थर. मेंटेनन्सवर निदान वार्षिक सभेत तावातावाने बोलता येतं. थराचा निकाल ज्याने त्याने आपापल्या घरी लावायचा असतो, आणि त्यामुळे प्रत्येक घरात एक स्वयंभू रसायनशास्त्रज्ञ तयार होतो. आमच्या मजल्यावरच तीन आहेत. एकजण केटल स्क्रूड्रायव्हरने खरवडतात. दुसऱ्या काकू तिच्यात रात्रभर ताक ठेवतात. तिसरे आमचे मेहुणे. ते बँकेतून निवृत्त झाल्यापासून कशावरही लिंबू पिळतात.

मी बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवण्यात उमेद घालवली. तरी या विषयात मला घरी कोणी विचारत नाही. प्लंबरचं मत घेतात. प्लंबर गिझर उघडतो, आत डोकावतो आणि कोणी गेल्याची बातमी सांगावी अशा आवाजात म्हणतो, "क्षार धरलाय, साहेब. कॉइल बदलावी लागंल." क्षार धरणे हा त्याच्या लेखी प्रारब्धाचा भाग आहे. पण या क्षाराला एक स्वभाव आहे, आणि तो एकदा कळला की कॉइल, केटल, ओटा आणि मेहुण्यांचं पोट अशा चारही आघाड्यांवर उपयोगी पडतो.

हा थर बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. म्हणजे खडू, संगमरवर, अंड्याचं टरफल आणि शंख-शिंपले ज्याचे बनतात तेच द्रव्य. पाण्यात ते जवळपास विरघळत नाही. लिटरभर शुद्ध पाण्यात साधारण 13 मिलिग्रॅम विरघळतं, म्हणजे चिमटीतली चिमूटसुद्धा नाही. मग बोअरच्या लिटरभर पाण्यात 300-300 मिलिग्रॅम येतं कुठून? तर पावसाचं पाणी मातीतून खाली झिरपताना मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड पिऊन जातं आणि किंचित आंबट होतं. हे आंबट पाणी दगडातला कार्बोनेट बायकार्बोनेट करून घेतं, आणि कॅल्शियमचं बायकार्बोनेट पाण्यात खुशाल विरघळतं. बोअरमधून वर येतं ते हे बायकार्बोनेट. दिसायला पाणी अगदी स्वच्छ. टँकरवाला तर ते ग्लासात धरून उन्हात दाखवतो.

मग आपण चहासाठी ते उकळतो. कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पाण्याचा आंबटपणा जातो, सामू वर चढतो आणि बायकार्बोनेटचा पुन्हा कार्बोनेट होतो. त्याला विरघळून राहायला जागा नसते, म्हणून तो सर्वात तापलेल्या जागी, म्हणजे कॉइलवर आणि बुडाशी, बसकण मारतो. त्यात हे द्रव्य साखरेसारखं नाही. पाणी तापवलं की ते आणखीच कमी विरघळतं. म्हणजे केटल हे पाण्यातून दगड काढायचं यंत्र आहे, चहा हे त्याचं जोडउत्पादन.

आता मेहुण्यांचं लिंबू. त्यांच्या मते लिंबू 'क्षार कापतं'. कसं कापतं असं विचारलं तर ते हाताने कापल्याची खूण करतात. खरं तर लिंबू काहीच कापत नाही. कसं ते पाहायला लग्नातली पंगत घ्या. पानं मोजकी मांडलेली आहेत आणि बाहेर आडदांड रांग आहे. पानं भरली की रांग हलत नाही. बाहेरच्याला वाटतं, इथे आज जेवण मिळायचं नाही. पण आतून एकेकाला कोणीतरी दंड धरून उठवून नेऊ लागलं, की रिकाम्या पानावर लगेच बाहेरचा बसतो. उठवणारा दमला नाही तर सबंध रांग जेवून जाते, आणि पानं मात्र तेवढीच. पाण्यात कार्बोनेटची पानं अशीच मोजकी असतात. थर म्हणजे बाहेरची रांग. ॲसिडातला हायड्रोजन आयन म्हणजे दंड धरून उठवणारा. तो विरघळलेल्या कार्बोनेटला धरतो, त्याचा बायकार्बोनेट करतो, आणखी एक हायड्रोजन मिळाला तर कार्बोनिक ॲसिड करतो आणि शेवटी वायू करून वर बुडबुड्यांत सोडून देतो. पान रिकामं झालं की थरातला पुढचा कार्बोनेट पाण्यात उतरतो. दगडाला कोणी हातही लावत नाही, तो आपल्या पायांनी चालत येतो.

हा उठवाउठवीचा वेग सामू ठरवतो. पाण्यात एकूण जो काही कार्बोनेट-बायकार्बोनेटचा परिवार आहे, त्यातले किती जण अजून कार्बोनेट म्हणून बसले आहेत ते पाहा. सामू 10.3 असेल तर निम्मे. 8.3 ला उतरला की शंभरात एक. 7 ला दहा हजारांत चार. आणि 5 ला एक कोटीत दोन. एवढ्या थोड्यांनी पानं कधी भरणार? म्हणून आंबट पाण्यात कार्बोनेटचा क्षार विरघळतच राहतो. आंबट होण्याची भीती त्या कॅल्शियमला मुळीच नाही. सगळी भानगड त्याच्या जोडीदाराची आहे. कार्बोनिक ॲसिड हे दुबळं ॲसिड. आपला हायड्रोजन ते सहजी सोडत नाही, म्हणजेच त्याचा कार्बोनेट हायड्रोजन दिसला की झडप घालतो. दुबळ्या ॲसिडांच्या सगळ्याच क्षारांची ही खोड आहे. कार्बोनेट, फॉस्फेट, ऑक्झलेट, सगळे हायड्रोजनचे हावरे. कोण किती हावरा, एवढाच फरक.

इथवर मी मेहुण्यांना समजावलं तेव्हा त्यांनी बँकेतल्या सवयीने विचारलं, "भावजी, ते ठीक आहे. पण केटलला लिंबं किती लागतील?"

हा प्रश्न मला वर्गात कधी कोणी विचारला नव्हता. कागद घेऊन बसलो. केटल लिटरभराची, पाण्यात लिटरला 300 मिलिग्रॅम, आणि प्रत्येक उकळीत त्यातलं एक तृतीयांश बसतं असं धरू. म्हणजे शंभर उकळ्यांना 10 ग्रॅम थर. आमच्याकडे मेहुणे मुक्कामाला असले की शंभर उकळ्या लवकर होतात. एका कार्बोनेटला वायू करून घालवायला दोन हायड्रोजन लागतात. त्या हिशेबाने 10 ग्रॅम थराला बाजारातलं 4 टक्के व्हिनेगर 300 मिलिलिटर लागतं. लिंबूसत्त्व म्हणजे किराणा दुकानातलं सायट्रिक ॲसिड, ते 14 ग्रॅम, साधारण तीन चमचे. आणि खरी लिंबं पिळायची तर पाव लिटरच्या घरात रस, म्हणजे डझनभर तरी लिंबं. मे महिन्यातला लिंबाचा भाव आठवून मेहुणे काही क्षण गप्प बसले. मग म्हणाले, "लिंबूसत्त्व बरं."

गंमत पुढेच आहे. त्यांच्या नातवाकडे सामू पाहायच्या रंगीत पट्ट्या होत्या. व्हिनेगरचा सामू निघाला अडीचच्या आसपास. मेहुणे म्हणाले, मग एवढं महाग व्हिनेगर कशाला, संडासाच्या ॲसिडचे चार थेंब पाण्यात टाकून सामू अडीच करू, काम तेच. बारावीची हुशार मुलंही इथेच घसरतात. हायड्रोक्लोरिक ॲसिड पातळ करून सामू बरोबर अडीच केलेलं 300 मिलिलिटर पाणी घ्या. त्यातला सगळा हायड्रोजन संपेपर्यंत थरातलं 50 मिलिग्रॅमसुद्धा विरघळत नाही. तेवढ्याच सामूचं तेवढंच व्हिनेगर 10 ग्रॅम विरघळवतं. दोनशेपट! कारण सामू सांगतो तो या क्षणी मोकळे फिरणारे हायड्रोजन किती एवढंच. व्हिनेगरमध्ये दोनशे रेणूंतला एक मोकळा फिरतो, बाकीचे एकशे नव्व्याण्णव हायड्रोजन धरून बसलेले असतात आणि मोकळे संपतील तसतसे बाहेर सोडतात. सामू अडीच आहे म्हणजे काम सुरू होईल. पुरं होईल की नाही ते कोठारात किती आहे त्यावर. (संडासाच्या ॲसिडने केटल धुवायची नाही, हे वेगळं सांगायला नको असं मला वाटत होतं. मेहुण्यांमुळे ते वेगळं सांगतो आहे. स्टीलला ते खड्डे पाडतं.)

प्रत्यक्ष करताना काटेकोर तीन चमच्यांवर राहू नये. शेवटी शेवटी ॲसिड संपत येतं, सामू वर सरकतो आणि बुडबुडे मंदावतात, मग माणूस तासभर केटलकडे पाहत बसतो. दुप्पट-अडीचपट घ्यावं. लिटरभर कोमट पाण्यात 30-35 ग्रॅम लिंबूसत्त्व, आणि अर्धा तास वाट. 10 ग्रॅम थरातून जवळजवळ अडीच लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो, तेव्हा झाकण घट्ट लावून ठेवू नये. बुडबुडे थांबले आणि थर शिल्लक असेल तर ॲसिड संपलं, ते ओतून नवं घ्या. बुडबुडे मुळात सुरूच झाले नाहीत तर तो थर कार्बोनेटचा नाही, मग लिंबांचा दुसरा डझन त्याच्यावर वाया घालवू नका.

मेहुण्यांनी यातलं सगळं ऐकलं आणि मोजून तीन चमचे टाकून केटल खळखळून उकळली. तासाभराने आत पुन्हा पांढरी भुकटी! त्यांचा लिंबावरचा विश्वास त्या दिवशी प्रथमच डळमळला. भुकटी जुन्या थराची नव्हती. कॅल्शियम आणि लिंबूसत्त्व यांचा मिळून कॅल्शियम सायट्रेट बनतो. तोही पाण्यात कमीच विरघळतो, आणि तापवला की आणखी कमी. म्हणजे एक क्षार घालवून दुसरा आणून बसवला. पण सायट्रिक ॲसिडसुद्धा दुबळंच, तेव्हा त्याचा क्षारही त्याच खोडीचा. त्याच्यावर आणखी थोडं लिंबूसत्त्व टाकलं की सायट्रेट हायड्रोजन पकडतो आणि निमूट विरघळतो. लिंबाने केलेला पसारा जास्तीच्या लिंबाने आवरला, याचा मेहुण्यांना इतका आनंद झाला की त्यांनी स्वयंपाकघराकडे मोर्चा वळवला.

तिथे आमचा ओटा आहे. ओट्याखालच्या फळ्या कडप्प्याच्या आणि न्हाणीघरात शहाबादी फरशी. दिवाणखान्यात बायकोच्या हौसेचा संगमरवर. कडप्पा, शहाबादी, कोटा हे तिन्ही चुनखडीचे दगड, आणि संगमरवर म्हणजे जमिनीच्या पोटात भाजून-दाबून निघालेली चुनखडीच. केटलमध्ये जो थर घालवायचा आपण आटापिटा करतो, तोच कापून, घासून, पॉलिश करून चौरस फुटाच्या भावाने विकत घेतो. ॲसिडला या दोन्हींतला फरक कळत नाही. संगमरवरी टेबलावर सरबताच्या ग्लासातला लिंबाचा काप पडून राहिला की तिथे एक निस्तेज गोल उमटतो. घरातले सगळे त्याला डाग समजून घासतात. तो डाग असता तर गेला असता. तिथला दगडच विरघळून वर बुडबुड्यांतून गेलेला आहे आणि उरलेला पृष्ठभाग खडबडीत झाला आहे. त्याला पुन्हा पॉलिशच करावं लागतं. न्हाणीघर चकचकीत करायला शहाबादीवर ॲसिड ओतणारे लोक तर पाहण्यासारखे असतात. फेस आला की त्यांना वाटतं, मळ निघतोय. निघत असते ती फरशी. ग्रॅनाइटच्या ओट्यावर मात्र दिवसभर लिंबं चिरा. ते सिलिकेटचं कुटुंब, लिंबाला दाद देत नाही.

आता कोणाला वाटेल, न विरघळणारं काही दिसलं की टाका ॲसिड. तसं नाही, आणि याचा सर्वात झणझणीत दाखला बेरियमचा आहे. बेरियम कार्बोनेट आणि बेरियम सल्फेट, दोन्ही पांढरी भुकटी, दोन्ही पाण्यात जवळपास अविद्राव्य, दोन्हींत तोच विषारी बेरियम. बेरियम सल्फेट दवाखान्यात ग्लासभर पाजतात आणि मग पोटाचा एक्स-रे काढतात. रोगी तोंड वाकडं करून घरी जातो, भुकटी यथावकाश जाते, काही होत नाही. बेरियम कार्बोनेट उंदरांना मारायला वापरत असत. फरक जठरात पडतो. तिथला सामू दीड-दोन. कार्बोनेट हायड्रोजनवर झडप घालतो, वायू होऊन निघून जातो आणि बेरियमला पाण्यात मोकळा सोडतो. तेवढ्यावर उंदराचा कारभार आटोपतो. सल्फेट हा सल्फ्युरिक ॲसिडचा वंशज. ते बापजाद्यांपासून तगडं ॲसिड, हायड्रोजन वाटत सुटणारं, त्यामुळे सल्फेटला हायड्रोजनची हाव जवळपास नाहीच. जठरातल्या ॲसिडकडे तो ढुंकूनही बघत नाही आणि बेरियमला घट्ट धरून पलीकडे निघून जातो. डब्यावरचं लेबल वाचताना दुसरा शब्द नीट वाचण्याचं महत्त्व यापेक्षा चांगल्या रीतीने कोणी सांगू शकणार नाही. काही बोअरच्या पाण्यात कॅल्शियमचा सल्फेटही बराच असतो आणि बॉयलरमध्ये त्याचाही थर धरतो. तो लिंबू टाकल्यावर फसफसत नाही, त्याचं कारण हेच.

मेहुण्यांनी हे सगळं ऐकून जो निष्कर्ष काढला तो असा: "म्हणजे भावजी, मूतखड्यावर लिंबूपाणी हे शास्त्रशुद्धच की!" त्यांना खड्याचा जुना त्रास आहे, आणि केटल स्वच्छ झाल्यापासून ते सकाळ-संध्याकाळ मोठा ग्लास लिंबूपाणी पीत आणि दगड विरघळतोय असा चेहरा करून बसत.

तर मूतखडे बहुतेकदा कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. ऑक्झलिक ॲसिड दुबळंच, तेव्हा खोड असायला हवी. आहेही, पण फार खाली. ऑक्झलेट हायड्रोजन पकडायला लागतो तो सामू साधारण सव्वाचारच्या खाली. आणि लघवीचा सामू साडेचार ते आठच्या मध्ये, बहुतेकांचा सहाच्या आसपास. सहाला शंभरातले अठ्ठ्याण्णव ऑक्झलेट हायड्रोजनविना निवांत बसलेले असतात. त्यांना उठवायला कोणी नाही, म्हणून खडा जागचा हलत नाही. शिवाय प्यायलेलं लिंबू मूत्रपिंडात ॲसिड म्हणून पोचतच नाही. त्यातल्या सायट्रेटचा बराच भाग शरीर जाळून टाकतं आणि परिणामी लघवी उलट थोडी अल्कधर्मी होते. लिंबूपाण्याचा उपयोग आहे तो वेगळा. जो सायट्रेट लघवीत उतरतो तो कॅल्शियमला धरून ठेवतो, आणि भरपूर पाणी पोटात जातं, म्हणून नवे खडे धरण्याची शक्यता घटते. बसलेला ऑक्झलेटचा खडा मात्र लिंबाने विरघळत नाही. हे सांगितल्यावर मेहुण्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर वार्षिक निकालानंतर पालकांच्या डोळ्यांत मी खूपदा पाहिली आहे.

त्यांना थोडा दिलासा म्हणून मी युरिक ॲसिडच्या खड्याची गोष्ट सांगितली. तिथे सगळं उलटं आहे. न विरघळणारं आहे ते खुद्द ॲसिड, आणि त्याचा क्षार मात्र बऱ्यापैकी विरघळतो. लघवी आंबट झाली की खडा धरतो, अल्कधर्मी केली की विरघळतो. म्हणून डॉक्टर त्यावर पोटॅशियम सायट्रेट देऊन सामू साडेसहाच्या आसपास नेतात, आणि तो खडा शस्त्रक्रियेवाचून विरघळण्याची आशा असते. फॉस्फेटचे खडे पुन्हा तिसऱ्या तऱ्हेचे. ते अल्कधर्मी लघवीत धरतात, तेव्हा युरिकवरचा हा इलाज त्यांच्यावर केला तर खडा वाढायचा.

म्हणून कोणाला खडा पडला तर तो वाहून जाऊ देऊ नका. लघवी गाळणीतून गाळा, खडा कोरड्या डबीत घालून पॅथॉलॉजीत द्या आणि तो कशाचा आहे याचा लेखी रिपोर्ट घ्या. डॉक्टरांना काय द्यायचं ते त्यावरून ठरवता येतं. आमच्या मेहुण्यांनी रिपोर्ट काढला. ऑक्झलेट निघाला.